वाकत नाही, तरी तुटतो

मोटरचा शाफ्ट तुटला की पहिला संशय जातो तो जादा लोडवर. पण तुकडे नीट पाहिले, तर शाफ्ट बहुधा वाकलेला नसतो आणि ताणून बारीकही झालेला नसतो. नेहमीच्याच लोडवर फिरता फिरता तो तुटलेला असतो. याला फटीग म्हणतात.

गोम फिरण्यात आहे. पट्टा शाफ्टला एकाच दिशेने, सारख्याच जोराने खेचत असतो. पण शाफ्टच्या पृष्ठभागावरचा एक ठिपका धरा. एका बाजूला असताना तिथलं पोलाद ताणलं जातं, अर्ध्या फेरीनंतर तेच दाबलं जातं. प्रत्येक फेरीला असं एक आवर्तन होतं. मिनिटाला १४४० फेऱ्या धरल्या, तर दहा लाख आवर्तनं भरायला बारा तासही लागत नाहीत.

किती ताणावर किती आवर्तनं सोसतात, हे एकोणिसाव्या शतकात ऑगस्ट वोलर या जर्मन रेल्वे अभियंत्याने पद्धतशीर तपासलं. रेल्वेचे आस ऐन प्रवासात तुटत होते, त्याचं कारण त्याला हवं होतं. अशा चाचण्यांतून निघणाऱ्या आलेखात उभा अक्ष ताणाचा, आडवा आवर्तनांचा. आडवा अक्ष हजार, दहा हजार, लाख असा दसपटीने वाढतो.

६०० मेगापास्कल ताणाला तुटणारं पोलाद घेऊ. प्रयोगशाळेतला गुळगुळीत नमुना साधारण निम्मा, म्हणजे ३०० मेगापास्कल ताण कितीही आवर्तनं सोसतो. खऱ्या शाफ्टवर लेथचे ओरखडे असतात, जाडीही जास्त असते, म्हणून आपण २०० धरू. या हिशेबाने ३५० मेगापास्कलवर शाफ्ट सुमारे वीस हजार आवर्तनं टिकतो, म्हणजे जेमतेम १४ मिनिटं. २५० वर दोन लाखांच्या पुढे, म्हणजे अडीच तास. आणि २०० च्या खाली उतरलो की आलेखाची रेघ आडवी होते. तिथे शाफ्ट फटीगने तुटत नाही, असं धरून डिझाइन करतात. हीच एन्ड्युरन्स लिमिट. आकडे अर्थात सरासरीचे. एकाच सळईचे दोन नमुनेही सारखे टिकत नाहीत.

ही सवलत पोलादाची. अ‍ॅल्युमिनियमची रेघ उतरतच राहते, म्हणून त्याच्या भागांना ठरावीक आयुष्य द्यावं लागतं. आणि गंजणाऱ्या जागी पोलादालाही या मर्यादेचा भरवसा नाही.

तुटलेलं तोंड सगळं सांगतं. शिंपल्यावर असतात तशा वक्र रेघांचा गुळगुळीत भाग म्हणजे तडा हळूहळू सरकत गेलेली जागा. उरलेला खडबडीत भाग शेवटच्या क्षणी तुटलेला. खडबडीत भाग लहान असेल, तर लोड फार नव्हता. रेघा जिथून सुरू होतात तिथे बहुधा चावीच्या खाचेचा तीक्ष्ण कोपरा सापडतो, कारण ताण तिथेच एकवटतो. नवा शाफ्ट करताना नुसती जाडी वाढवून तोच कोपरा तसाच ठेवला, तर तडा पुन्हा तिथूनच जायचा. आधी कोपऱ्याला गोलाई द्यायला हवी.