आल्ड्रॉप किती इंची?

हार्डवेअरच्या दुकानात आल्ड्रॉप मागितला की दुकानदाराचा पहिला प्रश्न असतो, "आठ, दहा की बारा इंची?" बहुतेक गिऱ्हाइकं दाराच्या उंचीकडे पाहून उत्तर देतात. खरं तर मोजायला हवं ते वेगळंच.

कोकणातल्या एखाद्या जुन्या घराचं सागवानी दार घेऊ. दोन झडपा, उंची साडेसहा फूट, लाकडाची जाडी 35 मिलिमीटर. झडपेच्या कडेची उभी पट्टी जेमतेम चार इंच रुंद, त्यामुळे दहा इंची आल्ड्रॉप तिच्यावर मावत नाही. तो मधल्या आडव्या पट्टीवरच बसवावा लागतो. नक्षीच्या उठावदार भागावर बसवला तर दांडा तिरका चालतो आणि दर वेळी अडतो. घरच्या मुख्य दाराला दहा किंवा बारा इंची आणि 16 मिलिमीटर जाडीचा दांडा चांगला. दांडा सरकवल्यावर तो दुसऱ्या झडपेवरच्या कड्यात पुरता शिरायला हवा, नुसता टेकून चालणार नाही.

त्याला स्क्रू नकोत, आरपार बोल्ट हवेत. पस्तीसच्या लाकडाला, पत्रा, वायसर आणि नट धरून, 50 मिलिमीटरचा बोल्ट लागतो. गोल डोकं बाहेर, नट आत; म्हणजे बाहेरून पाना लावायला जागाच उरत नाही.

एवढं करूनही दार ढकललं तर दोन्ही झडपा मिळून उघडू शकतात! कारण आल्ड्रॉप त्यांना फक्त एकमेकींना बांधतो, चौकटीला नाही. ते काम आतल्या टॉवर बोल्टचं. आधी बंद होणाऱ्या झडपेला खाली सहा इंची आणि वर हात सहज पोचेल असा बारा इंची बोल्ट लावतात. खालच्या बोल्टचं उंबरठ्यातलं भोक मातीनं भरतं, मग बोल्ट अर्धाच उतरतो. मूठ नेहमीपेक्षा वर थांबली की समजावं, भोक साफ करायची वेळ झाली.

पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि दांड्याची व कड्याची रेषा चुकते. दांड्याच्या एकाच बाजूला चकचकीत ओरखडा दिसला, तर कड्याचं भोक कानशीनं त्या बाजूला थोडं वाढवावं. हातोड्यानं दांडा ठोकणं हा सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत वाईट उपाय.

गोठ्याच्या किंवा अंगणाच्या लाकडी फाटकाला मात्र एवढा पसारा नको. तिथे कडी-कोयंडा पुरतो. पण बंद केल्यावर कडीच्या पट्टीखाली सगळे स्क्रू झाकले जायला हवेत, नाहीतर कुलूप शाबूत ठेवून चोर स्क्रूच काढेल. कोयंड्याचं भोक कुलपाच्या कडीपेक्षा किंचितच मोठं असावं. मोकळी फट राहिली तर तिथे पहार घालता येते. उघड्यावर असल्यामुळे जस्ताचा मुलामा दिलेला किंवा स्टेनलेस स्टीलचा माल घ्यावा. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात साधं लोखंड लवकर गंजतं.