सरासरी सारखी, वर्ग वेगळे

सत्र संपत आले की बहुतेक महाविद्यालयांत विद्यार्थ्यांचा अभिप्राय घेतला जातो. ‘अभ्यासक्रम वेळेत पूर्ण झाला’ असे एखादे विधान दिलेले असते आणि ‘पूर्ण असहमत’पासून ‘पूर्ण सहमत’पर्यंतच्या पाच पर्यायांपैकी एकावर खूण करायची असते. मते मोजण्याची ही रीत अमेरिकी सामाजिक मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये मांडली. पर्यायांना १ ते ५ गुण देऊन प्रत्येक प्रश्नाची सरासरी काढतात आणि अहवालात बहुधा तेवढीच छापतात. गफलत तिथेच होते.

समजा, वरच्या विधानावर रसायनशास्त्र आणि इतिहास या दोन विभागांतल्या प्रत्येकी ४० विद्यार्थ्यांनी मत दिले. रसायनशास्त्रात ४ जणांनी ५ गुण दिले, २० जणांनी ४, १२ जणांनी ३ आणि ४ जणांनी २. बेरीज १४४, म्हणून सरासरी ३.६. इतिहासात १८ जणांनी ५ गुण दिले, ४ जणांनी ४, ६ जणांनी ३, ८ जणांनी २ आणि ४ जणांनी १. इथेही बेरीज १४४ आणि सरासरी ३.६.

आता अनुकूल टक्केवारी काढू. ४ किंवा ५ देणारे तेवढे अनुकूल. ३ देणारा तटस्थ, त्याला अनुकूलांत धरायचे नाही. रसायनशास्त्रात ४० पैकी २४, म्हणजे ६० टक्के; इतिहासात २२, म्हणजे ५५ टक्के. फरक अजूनही किरकोळच वाटतो. पण १ किंवा २ देणारे नाराज मोजले, की रसायनशास्त्रात ते १० टक्के आणि इतिहासात ३० टक्के निघतात. रसायनशास्त्राचा वर्ग बऱ्यापैकी समाधानी आहे. इतिहासाच्या वर्गात मात्र दोन तट आहेत. एखाद्या तुकडीचे किंवा पेपरचे तास बुडाले का, हे तिथे विचारायला हवे.

विभागांची तुलना करताना उत्तरांची संख्याही पाहावी लागते. संख्याशास्त्रात ८ च विद्यार्थी असतील, तर एकाने ५ ऐवजी १ दिला तरी सरासरी अर्ध्या गुणाने उतरते. ४० च्या वर्गात तोच बदल ०.१ चा असतो. त्यामुळे अशा छोट्या विभागाचा पहिला किंवा शेवटचा क्रमांक फारसा मनावर घेऊ नये.

एकत्रित सरासरीतही हीच काळजी हवी. संख्याशास्त्राची सरासरी ४.५ आणि रसायनशास्त्राची ३.६ असेल, तर दोन्ही मिळवून निम्मे केल्यास ४.०५ येतात. ४८ विद्यार्थ्यांच्या गुणांची खरी सरासरी ३.७५ आहे. शिवाय कोरे सोडलेले उत्तर शून्य धरायचे नाही, मोजणीतूनच वगळायचे.

म्हणून विभागप्रमुखांनी अहवालावर सही करण्यापूर्वी प्रत्येक प्रश्नापुढे चार आकडे मागावेत: सरासरी, अनुकूल टक्के, नाराज टक्के आणि उत्तरे देणाऱ्यांची संख्या.