गाडी लिनिया, सुटे भाग स्विफ्टच्या दुकानात

भारतात फियाटची विक्री बंद होऊन बरीच वर्षं झाली. २००९मध्ये आलेल्या लिनिया आणि पुंटो या गाड्या तेव्हाही फार खपल्या नव्हत्या. अशी गाडी आज जवळ असेल तर शेजारीपाजारी पहिला प्रश्न विचारतात तो पार्ट्स कुठे मिळतात याचा. डिझेल मॉडेल असेल, तर निदान इंजिनापुरतं उत्तर सोपं आहे: जिथे स्विफ्टचे मिळतात, तिथे.

या गाड्यांमधलं १,२४८ सीसीचं मल्टिजेट डिझेल इंजिन मूळ फियाटचं. मारुतीने ते परवान्यावर मानेसरला बनवलं आणि डीडीआयएस नावाने स्विफ्ट, डिझायर, रिट्झमध्ये बसवलं. टाटांनी तेच क्वाड्राजेट म्हणून व्हिस्टा आणि मांझामध्ये वापरलं. टाटा आणि फियाट यांचा त्यासाठीचा कारखाना पुण्याजवळ रांजणगावला होता. २०२०मध्ये बीएस-६ नियम आले आणि हे इंजिन थांबलं, पण तोवर ते लाखो गाड्यांत जाऊन बसलं होतं. त्यांतल्या कितीतरी डिझायर टॅक्सी म्हणून रोज धावल्या.

आता समजा, लिनिया सकाळी थंड असताना सुरू केली की एक-दोन सेकंद खडखड येते आणि मग थांबते. जाणता मेकॅनिक आधी टायमिंग चेनकडे बोट दाखवेल. चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. चेन सैल झालेली असेल, तर दाब तयार होईपर्यंत ती आपटत राहते. ऑइल वेळेवर न बदलल्याने हे दुखणं लवकर येतं, आणि दुर्लक्ष केलं तर चेन दात सोडते, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. दुरुस्तीसाठी इंजिनाचं पुढचं कव्हर उतरवावं लागतं, कॅमशाफ्ट आणि फ्लायव्हील जागच्या जागी लॉक करण्याची खास हत्यारं लागतात, आणि चेन, टेन्शनर, गाइड यांचा पूर्ण सेट टाकावा लागतो.

हा सेट फक्त लिनियासाठी निघाला असता, तर तो बनवायला कोण पुढे आलं असतं? साचे आणि डाय यांचा खर्च शंभर नग काढा किंवा लाख, जवळपास तेवढाच येतो. तो वाटून जातो नगांच्या संख्येवर. दुकानदाराचंही तसंच. वर्षातून एकदा विकला जाणारा भाग फळीवर ठेवायचा म्हणजे पैसे अडकवणं, आणि ते अडकलेले पैसे तो शेवटी गिऱ्हाइकाकडूनच वसूल करतो. स्विफ्टच्या खपामुळे मात्र या सेटला बाहेरचे उत्पादक मिळाले आणि स्पर्धा आली. शिवाय ती हत्यारं आणि तो हात बसलेला मेकॅनिक तालुक्याच्या गावीही सापडतो. मजुरी त्यामुळेच आटोक्यात राहते.

पण ‘इंजिन तेच’ म्हणून डोळे झाकून खरेदी करू नये. स्विफ्ट आणि व्हिस्टामध्ये ७५ अश्वशक्तीच्या आसपासची आवृत्ती आहे, तिचा टर्बो साधा. सुमारे ९० अश्वशक्तीच्या आवृत्तीत मात्र पाती हलवणारा व्हीजीटी टर्बो असतो. हे दोन टर्बो एकमेकांच्या जागी चालत नाहीत. गिअरबॉक्स फियाटचा वेगळा आणि मारुतीचा वेगळा, त्यामुळे क्लच प्लेटही नीट पडताळूनच घ्यावी. इंजिन माउंट बॉडीला जोडले जातात, ते गाडीप्रमाणे बदलतात. ईसीयू तर गाडीच्या चावीशी बांधलेला असतो. दुसऱ्या गाडीचा आणून लावला की गाडी सुरूच होत नाही.

पडताळणी अशी करावी. जुना भाग काढल्यावर त्यावरचा नंबर पाहावा. पुष्कळ भागांवर गाडीच्या कंपनीबरोबर भाग बनवणाऱ्या कंपनीचाही स्वतःचा नंबर असतो. दोन गाड्यांच्या भागांवर हा दुसरा नंबर जुळला, तर डब्यावरचं नाव आणि किंमत वेगळी असली तरी आतला माल बहुधा एकच.

इंजिनाबाहेर भागीदारी प्लॅटफॉर्मची आहे. प्लॅटफॉर्म म्हणजे गाडीचा तळ, सस्पेन्शन जोडण्याच्या जागा, स्टिअरिंगची मांडणी. लिनिया पुंटोच्याच प्लॅटफॉर्मवर, व्हीलबेस वाढवून बांधलेली आहे. त्यामुळे सस्पेन्शन आणि ब्रेकसाठी तिला पुंटोचा आधार मिळतो, पण तो लहान आहे, कारण पुंटोही कमीच खपली.

वरचा पत्रा, हेडलाइट, बंपर यांत मात्र वाटेकरी कुणी नाही. गाडीची ओळख ठरते ती याच भागांनी, म्हणून कंपन्या नेमके हेच वेगळे ठेवतात. परिणामी, इंजिनाचं मोठं काम आवाक्यात बसणारी लिनिया सिग्नलला झालेल्या एका किरकोळ धडकेनंतर हेडलाइटसाठी महिनाभर गॅरेजमध्ये पडून राहू शकते. अशी जुनी गाडी घ्यायला जाल, तर बॉनेट उघडण्याआधी दिवे आणि बंपर शाबूत आहेत का, ते पाहा. भाव त्यावर ठरवा.