दोन याद्यांची एक यादी

महसुली कायद्यांच्या आणि निकालांच्या संग्रहात कुणी शोधतो: ‘भावाभावांत जमीन वाटणी कलम ८५’. कलम ८५ म्हणजे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधले धारणजमिनीच्या विभाजनाचे कलम. शब्दांवर चालणारा शोध ‘८५’ अचूक पकडतो, पण ‘वाटणीपत्रानुसार’ किंवा ‘विभाजन’ लिहिलेला कागद त्याच्या हातून निसटतो. मराठीत एका शब्दाला इतके प्रत्यय लागतात, की हे नेहमीच घडते. अर्थावर चालणारा व्हेक्टर शोध विभाजन आणि वाटणी जवळ आणतो, मात्र कलम ८५ आणि कलम ८६ त्याला जवळजवळ सारखेच वाटतात. म्हणून दोन्ही शोध चालवायचे आणि निकाल एकत्र करायचे. यालाच हायब्रिड सर्च म्हणतात.

अडचण एकत्र करण्यात आहे. शब्दशोधाच्या ‘बीएम२५’ या सूत्राचे गुण ३ असू शकतात किंवा २४. त्यांना ठरलेली कमाल मर्यादा नाही. व्हेक्टरचे गुण बहुधा कोसाइनचे. ते १च्या वर जात नाहीत आणि अनेकदा अगदी चिंचोळ्या पट्ट्यात दाटलेले असतात. सरळ बेरीज केली, तर व्हेक्टरचे मत ऐकूच येत नाही.

कॉर्मॅक, क्लार्क आणि ब्यूचर यांनी २००९ मध्ये सुचवलेला मार्ग असा: गुण विसरा, फक्त क्रमांक घ्या. प्रत्येक यादीतून कागदाला पुढील गुण द्या आणि त्यांची बेरीज करा.

```
1 / (60 + rank)
```

समजा, ‘क’ कागद शब्दांच्या यादीत पहिला आहे, पण दुसऱ्या यादीत नाही. त्याला १/६१, म्हणजे ०.०१६४. ‘ख’ शब्दांत तिसरा आणि अर्थात दुसरा. त्याला १/६३ + १/६२, म्हणजे ०.०३२०. ‘ख’ वर येतो. ६० ऐवजी ० घेतले असते, तर ‘क’ला १ आणि ‘ख’ला ०.८३ मिळून क्रम उलटला असता. म्हणजे तो ६० एखाद्या यादीतल्या पहिल्या क्रमांकाचा तोरा कमी करतो आणि दोन्हीकडच्या सहमतीला वजन देतो.

हेच कधी अंगाशी येते. दोन्ही याद्यांत दहावा असलेला सामान्य कागद २/७०, म्हणजे ०.०२८६ मिळवून अचूक ‘कलम ८५’ असलेल्या ‘क’च्या पुढे जातो. ‘क’चे गुण २४ आणि बाकीच्यांचे ३ होते, ही माहिती क्रमांकात हरवली.

ती जपायची, तर दोन्ही गुण ० ते १ मध्ये बसवून वजनासह बेरीज करतात. त्यातही धोका आहे: यादीतला सर्वोच्च कागद निरुपयोगी असला, तरी त्याला १ मिळतोच.

माझे मत स्पष्ट आहे. सुरुवात क्रमांकांच्या पद्धतीने करावी. मग लोकांनी खरोखर विचारलेले प्रश्न घ्यावेत आणि त्यांचे योग्य कागद माणसाकडून ठरवून घ्यावेत. कलमक्रमांक असलेले आणि नसलेले प्रश्न वेगळे मोजावेत. पहिल्या गटात योग्य कागद खाली घसरत असेल, तर शब्दशोधाचे वजन वाढवावे.