कॉपी झाली, पण जशीच्या तशी झाली का?

समजा, एका फोटो स्टुडिओतले दहा वर्षांच्या लग्नांचे फोटो एका जुन्या हार्ड डिस्कवर आहेत. दोन टेराबाइट, लाखाच्या वर फायली. नवी डिस्क आणली, रात्रभर कॉपी चालली आणि सकाळी संगणकाने कुठलीही तक्रार न करता काम संपल्याचे सांगितले. फायलींची संख्या जुळते, एकूण आकारही जुळतो. मग जुनी डिस्क पुसून टाकावी का? माझे मत स्पष्ट आहे: इतक्यात नाही.

कॉपी करणारा प्रोग्राम जुन्या डिस्कवरून तुकडा वाचतो, रॅममध्ये ठेवतो आणि नव्या डिस्ककडे सोपवतो. सोपवलेले नीट उतरले का, हे तो सहसा परत वाचून बघत नाही. रॅममधली एखादी खराब जागा किंवा डिस्कच्या डबीतले सदोष सर्किट वाटेतच एखादा बिट उलटवू शकते. डिस्कची स्वतःची चूक पकडण्याची सोय असते, पण ती हाती आलेल्या माहितीपुरती. चुकीचा बिट आला, तर ती तो चुकीचाच बिट इमानाने जपते. फाइलचा आकार तसूभरही बदलत नाही.

सर्न या युरोपीय संशोधन संस्थेने २००७ मध्ये हे तपासले होते. तीन हजारांवर संगणकांवर दोन गिगाबाइटची फाइल ठरावीक वेळाने लिहायची आणि परत वाचून ताडायची. सुमारे पाच आठवड्यांत शंभरेक संगणकांवर मिळून पाचशेच्या आसपास चुका सापडल्या.

यावर उपाय म्हणजे चेकसम. SHA-256 ही पद्धत फाइलमधला प्रत्येक बाइट वाचते आणि त्यातून ६४ अक्षरांचा एक ठसा काढते. फाइल कितीही मोठी असो, ठसा तेवढाच. एक बिट बदलला तरी ठसा ओळखू येणार नाही इतका बदलतो. लिनक्सवर आधी जुन्या डिस्कच्या सर्व फायलींची यादी करायची:

```
cd /media/juni
find . -type f -print0 | xargs -0 sha256sum > ~/yadi.txt
```

मग नव्या डिस्कवर ती ताडायची:

```
cd /media/navi
sha256sum -c --quiet ~/yadi.txt
```

सगळे जुळले तर पडद्यावर काहीच येत नाही. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये ठसा काढायला `Get-FileHash` आहे, मॅकवर `shasum -a 256`. साध्या हार्ड डिस्कवर दोन टेराबाइट वाचायला चारेक तास सहज लागतात, आणि ते दोन्ही डिस्कना द्यावे लागतात.

एक खबरदारी मात्र हमखास राहून जाते. नुकत्याच कॉपी झालेल्या फायली रॅममध्ये शिल्लक असतात. लगेच तपासणी केली तर संगणक डिस्कऐवजी रॅममधलीच प्रत वाचतो आणि सगळे ठीक असल्याचे सांगतो. म्हणून डिस्क रीतसर इजेक्ट करावी, काढावी, पुन्हा जोडावी आणि मगच ताडावी.

आता समजा एक ओळ आली: `./2016/IMG_4127.JPG: FAILED`. घाबरून सगळे पुन्हा कॉपी करू नये. आधी त्या फाइलचा ठसा दोन्ही डिस्कवर पुन्हा काढावा. दर वेळी वेगळा येत असेल तर वाचतानाच गडबड होते आहे; रॅम आणि केबल तपासावी. नव्या डिस्कवर दर वेळी तोच चुकीचा ठसा येत असेल तर चूक तिथे लिहिली गेली आहे. `cmp -l` ही आज्ञा दोन फायलींमधले नेमके वेगळे बाइट दाखवते. तिथे `8388613 101 105` अशी एकच ओळ आली, तर ८३,८८,६१३ वा बाइट बदलला आहे. हे आकडे अष्टमान पद्धतीतले, म्हणजे ६५ चे ६९ झाले: फक्त एक बिट उलटला. असा एकटा बिट दिसला की पहिला संशय रॅमवर घ्यावा. सलग ४०९६ बाइट शून्य दिसले, तर लिखाणातच तुकडा गळाल्याची शक्यता मोठी.

फाइल मुळात आलीच नसेल तर `FAILED open or read` असे येते. नव्या डिस्कवरच्या जादा फायलींबद्दल मात्र ही यादी गप्प असते. जुन्या डिस्कवर फोटो आधीच बिघडलेला असेल, तर बिघडलेल्याचाही ठसा बिनचूक जुळतो.

मराठी नावांची एक अडचण इथे येते. ‘वऱ्हाड’मधला ‘ऱ’ संगणकात दोन प्रकारे साठवता येतो: एकच अक्षर म्हणून, किंवा ‘र’ आणि खाली नुक्ता असा. मॅकची जुनी एचएफएस प्लस ही डिस्क-रचना दुसरा प्रकार वापरते. त्यामुळे लिनक्सवर आणि मॅकवर केलेल्या याद्या समोरासमोर ठेवल्या तर नावे जुळत नाहीत, फोटो मात्र तोच असतो. अशा वेळी प्रत्येक ओळीतली फक्त पहिली ६४ अक्षरे घेऊन, क्रमाने लावून ताडावीत.