फाटकापाशी अडकलेलं घड्याळ

पहाटे साडेपाचला सोसायटीच्या फाटकापाशी मनगट वर धरून उभा राहिलेला धावपटू आता शहरांत ओळखीचा झाला आहे. वॉर्म-अप संपतो, सोबतचे पुढे निघतात, घड्याळ मात्र उपग्रह शोधतच असतं. दोष बहुतेक वेळा घड्याळाचा नसतो.

जागा ठरवायला घड्याळाला किमान चार उपग्रहांचे संदेश लागतात. संदेश किती वेळात पोचला, यावरून अंतर कळतं. पण उपग्रह त्या क्षणी नेमका कुठे होता, हेही ठाऊक असावं लागतं. ही कक्षेची माहिती जीपीएसचा उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून स्वतःच सांगत असतो, तीही सेकंदाला अवघ्या ५० बिट या गतीने! म्हणजे संदेशाचा एक फेरा सांगून व्हायला ३० सेकंद लागतात, आणि त्यातली १८ सेकंद या कामाच्या माहितीची. शिवाय ती साधारण चार तासच धरून चालता येते. म्हणून संध्याकाळी चटकन जागा सापडलेलं घड्याळ दुसऱ्या पहाटे पुन्हा पहिल्यापासून ऐकत बसतं.

मोकळ्या मैदानात हे अर्ध्या-पाऊण मिनिटात उरकतं. आता घड्याळ तीन आठवडे कपाटात पडून होतं आणि धावपटू दोन टॉवरच्या मधल्या गल्लीत उभा आहे, असं समजू. डोक्यावर आकाशाची एक चिंचोळी पट्टी. तिसऱ्या उपग्रहाचा संदेश विसाव्या सेकंदाला तुटला, की हुकलेला तुकडा पुन्हा येईपर्यंत पुढची ३० सेकंदं थांबायचं. तेवढ्यात धावपटू येरझाऱ्या घालू लागतो, चौथा उपग्रह इमारतीआड जातो. मिनिटं जातात ती अशी.

यावर उपाय म्हणजे तीच माहिती दुसऱ्या वाटेने आणणं. फोनशी सिंक होताना अनेक घड्याळं पुढच्या काही दिवसांच्या कक्षांचा अंदाज इंटरनेटवरून उतरवून घेतात. मग उपग्रहाचं रडगाणं ऐकत बसावं लागत नाही. संकेत नुसता पकडला तरी भागतं, आणि काही सेकंदांत लॉक मिळतो. संकेत नुसता पकडायला तो थोडा क्षीण असला तरी चालतो, त्यातला मजकूर वाचायला मात्र अधिक स्वच्छ लागतो.

पण फाइल आकाशाची जागा घेत नाही. अंतर मोजायला संकेत थेट उपग्रहाकडूनच यावा लागतो. भिंतींवर आपटून आलेला संकेत जास्त लांबचा प्रवास करतो, म्हणून लॉक मिळूनही नकाशावरची सुरुवात समोरच्या इमारतीत दिसते.

तेव्हा आदल्या रात्री घड्याळ फोनशी सिंक करा, सकाळी चौकात किंवा मैदानावर जाऊन स्थिर उभे राहा, आणि लॉक मिळाल्यावरही अर्धा मिनिट थांबून मगच स्टार्ट दाबा.