आईबाबांचा लॅपटॉप (भाग ५) : घर की धर?

या आठवड्यात प्रोसेसर आणि रॅमवर लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या वेळी. मधेच मिरजेहून एका भगिनींचं पत्र आलं आणि ते वाचल्यावर वाटलं, आपण घोड्याआधी गाडी जुंपत होतो.

त्यांच्या वडिलांना, म्हणजे आप्पांना, चौऱ्याहत्तरावं चालू आहे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया दोन वर्षांपूर्वी झाली. पेपर चष्मा लावून स्वच्छ वाचतात. लेकीनं त्यांना १५.६ इंची लॅपटॉप घेऊन दिला, दुकानातला चांगला म्हणतात तसा. आप्पांची पहिल्याच दिवशी तक्रार आली, "अक्षरं मुंगीएवढी आहेत." दुकानातला मुलगा घरी आला, कुठेतरी दोन क्लिक केली आणि अक्षरं मोठी झाली. सगळे खूश. आठवड्याभरात आप्पा म्हणू लागले, अक्षरं मोठी आहेत पण पुसट आहेत, कडा फुटल्यासारख्या दिसतात, डोकं दुखतं. मोतीबिंदू परत आला या भीतीनं ते डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, डोळे ठणठणीत आहेत. पत्रातला प्रश्न एवढाच होता : मग बिघडलंय काय?

त्यांना फोन करून एक गोष्ट बघायला सांगितली. डेस्कटॉपच्या मोकळ्या जागेवर राइट क्लिक करून Display settings उघडा आणि Display resolution समोर काय लिहिलंय ते वाचा. उत्तर आलं, "१२८० × ७२०." तिथेच रोग सापडला.

ठिपक्यांची रांगोळी डोळ्यांसमोर आणा. पडदा म्हणजे अंगणात आधीच पक्के रोवून ठेवलेले ठिपके. आप्पांच्या पडद्यावर ते आडवे १९२० आणि उभे १०८० आहेत. ते कोणालाही हलवता येत नाहीत. दुकानातल्या मुलानं लॅपटॉपला सांगितलं, ठिपके १२८० × ७२० आहेत असं समज आणि काढ. आता १९२० ला १२८० नं भागा, दीड येतं. म्हणजे रांगोळीतला एकेक ठिपका खऱ्या दीड ठिपक्यावर बसवायचा. अर्धा ठिपका तर नसतोच. मग लॅपटॉप शेजारच्या ठिपक्यात करडा रंग भरून वेळ मारून नेतो. तीच आप्पांना दिसणारी फुटकी कड.

बरोबर मार्ग त्याच खिडकीत, जरा वर आहे : Scale. इथे ठिपके आहेत तेवढेच राहतात, फक्त फूल मोठं काढलं जातं. सोळा ठिपक्यांच्या उंचीत बसणारं अक्षर १५०% केलं की चोवीस ठिपक्यांत बसतं. ते मोठं तर होतंच, पण जास्त ठिपके मिळाल्यामुळे जास्त रेखीवही होतं. म्हणून Display resolution नेहमी जिथे (Recommended) लिहिलंय तिथेच ठेवायचं आणि हात लावायचा तो Scale ला. हे बदलल्यावर काही प्रोग्रॅम थोडे अंधुक दिसतात. एकदा साइन आउट करून परत आलं की बहुतेक ते ताळ्यावर येतात.

आता हे सगळं खरेदीच्या वेळी का कळायला हवं, ते सांगतो. दुकानात स्वस्तातला जुन्या ठेवणीचा लॅपटॉप असतो, १५.६ इंच पण ठिपके १३६६ × ७६८. त्याच्यावर अक्षरं मुळातच मोठी दिसतात. विक्रेताही म्हणतो, "वयस्कर माणसांना हाच बरा, अक्षर मोठं दिसतं." ऐकायला पटतं. पट्टी लावून बघू. १५.६ इंची पडद्याची रुंदी साधारण साडेचौतीस सेंटीमीटर असते. १३६६ ठिपके असतील तर सेंटीमीटरला चाळीसेक पडतात, १९२० असतील तर पंचावन्न. जुन्या पडद्यावर १००% ला सोळा ठिपक्यांचं अक्षर चार मिलिमीटर उंचीच्या चौकटीत बसतं. नव्या पडद्यावर तेच अक्षर १००% ला तीन मिलिमीटरांपेक्षा थोडं कमी भरतं, ही झाली आप्पांची मुंगी. पण १५०% केलं की ते ४.३ मिलिमीटर होतं, म्हणजे जुन्यापेक्षा मोठं, आणि सोळाऐवजी चोवीस ठिपक्यांनी काढलेलं.

इंग्रजी वाचणाऱ्याला सोळा ठिपके एक वेळ पुरतात. आपल्या लिपीला ते अपुरे पडतात. देवनागरीत त्याच चौकटीत वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, मधे शिरोरेघ आणि खाली उकार, असा तीन मजल्यांचा संसार असतो. मुख्य अक्षराच्या वाट्याला मधला मजला येतो, जेमतेम आठ-नऊ ठिपके. त्यात 'घ' आणि 'ध' यांच्यातला फरक काय, तर शिरोरेघ डावीकडे जुळते की तुटलेली राहते. तो फरक एक-दोन ठिपक्यांचा. 'भ' आणि 'म'चंही तेच. 'मंद'वरचा अनुस्वार एका ठिपक्याचा झाला की 'मद' होतो आणि 'वर्ष'मधला रफार शिरोरेघेत बुडतो. तरुण डोळा संदर्भानं ओळखून पुढे जातो. नवखं, वयस्कर माणूस तिथे अडखळतं आणि अडखळल्यावर दोष स्वतःलाच देतं.

बरं, जुन्या पडद्यावरच अक्षर आणखी मोठं केलं तर? केलंय करून. १३६६ × ७६८ ला १२५% केलं की पडद्यावर उभी जागा ६१४ ठिपक्यांएवढीच उरते. एखादी खिडकी उघडते आणि तिचं तळाचं OK बटण पडद्याखाली जातं. आई एकदा अर्धा तास अशाच एका खिडकीसमोर बसून होती. वाचून सगळं समजलं होतं, दाबायला काही दिसत नव्हतं. १९२० × १०८० ला १५०% केलं तरी उभी जागा ७२० उरते, आणि तिथे बटणं सहसा दिसतात. १७५% ला मात्र तिथेही जुनाच प्रकार सुरू होतो, म्हणून १५०% वर भागेल असाच पडदा निवडावा. १४ इंची पडद्यावर तेवढेच ठिपके आणखी दाटीनं बसतात, १५०% ला अक्षर चार मिलिमीटरांच्या आत राहतं. सतत प्रवास करणाऱ्यांनी तो घ्यावा. ज्यांचा लॅपटॉप टेबलावरून क्वचितच उठणार आहे, त्यांना १५.६ इंच.

आता चष्मा. आप्पांच्या गोष्टीतला एक धागा अजून लोंबकळतोय : पेपर स्वच्छ दिसतो आणि लॅपटॉप नाही, असं का? टेप घेऊन मोजा. पेपर माणूस डोळ्यांपासून चाळीस सेंटीमीटरांवर धरतो, आणि वाचायचा नंबर साधारण त्याच अंतरासाठी काढलेला असतो. लॅपटॉपचा कीबोर्ड पुढे येतो, म्हणून पडदा पन्नास-साठ सेंटीमीटरांवर जातो. बायफोकल चष्म्यात वर दूरचं आणि खाली जवळचं असतं, मधल्या अंतराला काहीच नसतं. मग माणूस हनुवटी वर करून खालच्या काचेतून बघत पुढे वाकतो. तासाभरात मान धरते. मोतीबिंदूनंतर डोळ्यात बसवलेलं साधं भिंग बहुतेक वेळा दूरच्यासाठी असतं. ते स्वतः फोकस बदलत नाही, त्यामुळे ही अडचण अधिकच जाणवते. उपाय महाग नाही. लॅपटॉप जिथे ठेवणार तिथे आईबाबांना बसवा, डोळ्यापासून पडद्यापर्यंतचं अंतर मोजा आणि तो आकडा घेऊन नेत्रतज्ज्ञांकडे जा. त्या अंतराचा वेगळा साधा चष्मा करून मिळतो.

हनुवटी वर करणारा माणूस आणखी एक गोष्ट करतो. पडदा मागे ढकलतो. इथे पॅनेलचा प्रकार आडवा येतो. टीएन जातीचा पडदा असेल तर जरा कोन बदलला की चेहरे काळवंडतात, अक्षरं फिकट होतात. आयपीएस असेल तर विशेष फरक पडत नाही. विक्रेत्याला नाव माहीत नसलं तरी चालेल. माणसाचा एखादा फोटो उघडा आणि झाकण पुढेमागे हलवा, कळतं. आणि लॅपटॉप बंद असताना काळ्या पडद्यात बघा. दुकानातली ट्यूबलाइट त्यात लख्ख दिसली तर घरची खिडकीही तशीच दिसेल. ट्यूबलाइट धूसर, पसरलेली दिसेल असा मॅट पडदा बरा.

माझी दुकानातली परीक्षा आता एका चिठ्ठीवर आलीय. आईसाठी लॅपटॉप घेताना ती खिशात होती. तिच्यावर चार जोड्या आहेत :

घर – धर
भान – मान
मंद – मद
वर्ष – वष

दुकानातले लॅपटॉप पूर्ण उजेडावर रंगीबेरंगी चित्रफिती दाखवत असतात, त्यांच्यावरून काही ठरवू नका. ब्राउझर उघडा आणि एखादं मराठी बातम्यांचं पान आणा. Scale १५०% करा. आईला खुर्चीत, टेबलाशी, तिच्या नेहमीच्या चष्म्यासह बसवा. उभ्यानं बघण्यात अर्थ नाही. मग चिठ्ठीतले शब्द टाइप करून ते तिला वाचायला सांगा आणि तुम्ही पडद्याकडे न बघता तिच्या मानेकडे बघा. पुढे वाकली, हनुवटी वर गेली किंवा तिसऱ्या जोडीला "मद... नाही, मंद" असं झालं, तर तो लॅपटॉप आपला नाही. माझ्या आईनं तिसरा लॅपटॉप पास केला. पहिल्या दोन्हींपेक्षा तो महागही नव्हता.

यात एक मर्यादा आहे. ही परीक्षा ऑनलाइन खरेदीत घेता येत नाही. तिथे निदान माहितीच्या तक्त्यात १९२० × १०८०, आयपीएस आणि अँटी-ग्लेअर हे तीन शब्द शोधा. यातला एखादा लिहिलेलाच नसेल, तर तो बहुधा नाही असं धरून चाला.

आप्पांना नवा लॅपटॉप घ्यावा लागला नाही. फोनवरच Display resolution परत १९२० × १०८० केलं, Scale १५०% केलं, साइन आउट करून घेतलं. पलीकडून लेकीच्या आधी आप्पांचाच आवाज आला, "आता दिसतंय. उगाच डॉक्टरांना दोष दिला." दुसरा चष्मा ते दिवाळीनंतर करणार आहेत.

तुमच्या घरी आधीच लॅपटॉप असेल तर आज संध्याकाळी त्या दोन ओळी बघून घ्या. प्रोसेसर आणि रॅम पुढच्या आठवड्यात.